चमकीच्या आतलं निकेल

भाचीने दहावीच्या सुट्टीत नाक टोचून घेतलं. सोनाराने २२ कॅरेटची बारीक तार घातली. दोन दिवस ठणकलं आणि शांत झालं. तीन आठवड्यांनी तिने तार काढून बाजारातली ४० रुपयांची चमकी घातली. काही दिवसांतच नाकपुडीला खाज सुटली, भोवती पुरळ आलं, भोकातून पाणी येऊ लागलं. घरात सगळे म्हणाले, पिकलं. पण पिकलेली जागा गरम लागते, ठणकते, दाट पू येतो. इथे दुखण्यापेक्षा खाजच जास्त होती. त्वचारोगतज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न विचारला, "चमकी कशाची आहे?"

अशी चमकी बहुधा पितळेची असते. तिच्यावर निकेलचा थर आणि त्यावर सोन्याचा नुसता मुलामा. घामाने, घासण्याने मुलामा उडतो आणि निकेल ओल्या जखमेत उतरतं. शाबूत त्वचा त्याला थोडंफार अडवते, ताज्या भोकात ती आडकाठीच नसते. एकदा शरीराला निकेलचं वावडं जडलं की ते सहसा आयुष्यभर राहतं. पुढे जीन्सचं बटणसुद्धा पोटाला खाजवतं. म्हणूनच युरोपात टोचलेल्या भोकातल्या दागिन्यातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमीच निकेल सुटावं असा नियम आहे. घड्याळासारख्या वस्तूंना ही मर्यादा ०.५ आहे.

मग सोनाराची तार का चालली? २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं असतं, उरलेलं मुख्यतः तांबं आणि चांदी. शिवाय सैल तारेमुळे सूज आली तरी जागा राहते. ही जुनी पद्धत मला आजही शहाणपणाची वाटते. मात्र 'सोनं' या एका शब्दावर विसंबू नये. १४ कॅरेटमध्ये सोनं ५८.५ टक्केच, आणि पांढऱ्या सोन्यात निकेल असू शकतं. शिवाय शुद्ध सोनं मऊ; त्यावर ओरखडे उठले की त्यांत मळ आणि वाळलेला स्राव अडकतो.

टायटॅनियमचं बळ निराळं आहे. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट पापुद्रा तयार होतो आणि धातू जखमेत विरघळत नाही. शरीरात बसवायच्या दर्जाच्या, म्हणजे एएसटीएम एफ-१३६ या मानकाच्या मिश्रधातूत निकेल घातलेलंच नसतं. ज्याला निकेलचं वावडं आहे, त्याने बिनदिक्कत हेच घ्यावं. दुकानात 'टायटॅनियम' म्हटलं की मानकाचा कागद मागावा, कारण टायटॅनियमचा रंग चढवलेलं स्टीलही त्याच नावाने विकलं जातं. 'सर्जिकल स्टील'च्या नेहमीच्या ३१६एल प्रकारात तर १० ते १४ टक्के निकेल असतं. ते घट्ट धरलेलं असलं, तरी वावडं असलेल्याने नव्या भोकात ते टाळलेलं बरं.

डॉक्टरांनी भाचीच्या नाकात सपाट मागची, सूज सामावेल इतकी लांब टायटॅनियमची चमकी घालायला सांगितली. भोक बुजवावं लागलं नाही. पू असता तर चमकी आपल्या मनाने काढायची नाही, असंही बजावलं; तोंड बुजून पू आतच साठू शकतो. खाज ओसरली, पण ही चमकी ती महिनोन्‌महिने बदलणार नाही. कानाची पाळी सहा ते आठ आठवड्यांत भरते, नाकपुडीला चार ते सहा महिने लागतात.