सावली नसलेला चेहरा

आजीचा एखादा जुना कृष्णधवल फोटो हातात घ्या आणि त्यातलं नाक शोधा. नाकाची रेघ कुठेच सापडत नाही. एका बाजूला थोडा अंधार आहे, दुसऱ्या बाजूला थोडा उजेड, आणि या दोहोंच्या मधल्या जागेला आपण नाक म्हणतो. ओठांना कड नाही, गालांना कड नाही. फोटोतला चेहरा सगळाच्या सगळा सावलीने घडवलेला असतो. मग ही सावली काढून घेतली, तर चेहऱ्यात काय उरतं?

बिहारमधल्या मिथिलेच्या बायका पिढ्यान्पिढ्या असे सावली नसलेले चेहरे काढत आल्या आहेत. त्यात एक ठाम काळी रेघ असते, सपाट रंग असतो, चेहऱ्याचा मोठा भाग व्यापणारा टपोरा डोळा असतो, आणि मागे बोटभरही जागा रिकामी नसते. माणसाच्या फोटोवरून या पद्धतीचं चित्र करायला बसलं, की तिच्यात किती विचार भरलेला आहे ते एकेक करून उलगडत जातं आणि मन थक्क होतं.

ही चित्रं मुळात घराच्या आतल्या भिंतींवरची. लग्नात नवऱ्या-नवरीसाठी जी खोली सजवतात तिला कोहबर घर म्हणतात. तिथे कमळांच्या चकत्या, त्यांच्यातून आरपार गेलेला देठ, बांबूचं बेट, मासे, पोपट, कासवं असं सगळं रंगवलं जातं. खोलीच्या चार कोपऱ्यांत नैना जोगिन असते: डोक्यावर पदर घेतलेली, एकच डोळा दिसणारी. नव्या जोडप्याला दृष्ट लागू नये म्हणून ती पहारा देते. इथला डोळा कामावर नेमलेला आहे, हे एकदा कळलं की तो एवढा मोठा का, हा प्रश्न पडत नाही.

बाहेरच्या जगाला या भिंती दिसल्या त्या १९३४च्या भूकंपामुळे. घरं पडली, आतल्या भिंती उघड्या झाल्या आणि डब्ल्यू. जी. आर्चर या ब्रिटिश अधिकाऱ्याला ती चित्रं दिसली. त्याने त्यांचे फोटो काढले आणि १९४९ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात त्यांच्यावर लेख लिहिला. भिंतीवरून कागदावर येण्याच्या गोष्टीत मात्र एक मराठी माणूस आहे. १९६६-६७च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून पुपुल जयकरांनी चित्रकार भास्कर कुलकर्णींना मधुबनीला धाडलं. जे भिंतीवर काढता तेच कागदावर काढा, असं त्यांनी तिथल्या बायकांना सांगितलं. पुढे वारली चित्रं कागदावर येण्यातही याच कुलकर्णींचा मोठा वाटा होता. जितवारपूरच्या सीतादेवी त्या पहिल्या फळीतल्या. ठसठशीत बाह्यरेषा आणि आत गच्च सपाट रंग अशा त्यांच्या पद्धतीला भरनी म्हणतात. बारीक रेघारेघांनीच पोत भरणारी ती कचनी. आपण आजीचं चित्र भरनीत करणार आहोत.

सुरुवातीलाच एक अडचण येते. फोटोत आजी थोडी वळून बसली आहे. एक गाल पूर्ण दिसतो, दुसरा अर्धा. मिथिलेच्या चित्राला हे मधलं वळण फारसं मानवत नाही, कारण ते पटवून द्यायला सावली लागते. तेव्हा निवड करावी लागते: चेहरा पूर्ण समोरून किंवा पूर्ण बाजूने. दुर्गा, काली, सूर्य समोर बघतात; बाकीची बहुतेक माणसं बाजूने असतात. बाजूचा चेहरा घेतला तर कपाळ आणि नाक एकाच रेषेत टोकदार उतरतं, हनुवटी छोटी राहते. डोळा मात्र बाजूने दिसतो तसा काढत नाहीत. खरा डोळा बाजूने पाहिला तर आडव्या पडलेल्या लहानशा त्रिकोणासारखा दिसतो. इथे तो समोरून दिसतो तसा, दोन्ही टोकांसकट, माशाच्या आकाराचा, नाकाच्या मुळापासून कानाकडे ताणलेला असतो. चेहरा एका दिशेला आणि डोळा तुमच्याकडे. हे खरं तर अशक्य आहे, तरी पाहणाऱ्याला ते एकदाही खटकत नाही. प्रत्येक अवयव जिथून सगळ्यात नीट ओळखू येतो तिथून काढायचा, हा नियम त्यामागे आहे. जुन्या इजिप्तच्या चित्रकारांनीही तो पाळला होता.

आपण आजी समोरून काढू, कारण तिच्या चेहऱ्यात चष्मा आणि कुंकू दोन्ही महत्त्वाचं आहे. समजा कागदावर चेहऱ्याची रुंदी १२ सेंटिमीटर ठेवली. खऱ्या माणसाचा डोळा चेहऱ्याच्या रुंदीच्या साधारण पाचवा हिस्सा असतो, म्हणजे जवळपास अडीच सेंटिमीटर. आपण तो चार सेंटिमीटर करायचा. दोन डोळ्यांत मिळून आठ सेंटिमीटर गेले. उरलेल्या चारांत मधलं नाक आणि दोन्ही कडा बसवायच्या. नाक आपोआप चिंचोळं होतं, ओठ लहान होतात, गाल जवळपास नाहीसे होतात. म्हणजे डोळा नुसता मोठा करून चालत नाही, बाकीच्या चेहऱ्याला त्याच्यासाठी जागा सोडावी लागते. फोटोतला चेहरा तसाच ठेवून त्यावर मोठे डोळे चिकटवले, तर ती आजी घाबरलेली दिसते.

आता डोळ्याच्या आतलं. वरची आणि खालची कमान, मध्ये काळं गोल बुबुळ, दोन्ही बाजूंना कोरं पांढरं. बुबुळात चमकेचा ठिपका नको आणि पापण्यांचे केस नकोत, कारण चमक म्हणजे कुठून तरी आलेला उजेड, आणि या चित्रात उजेड कुठूनच येत नाही. माणूस कुठे बघतो ते आपल्याला कळतं ते बुबुळाभोवतीच्या पांढऱ्यामुळे. त्या पांढऱ्याच्या बरोबर मधोमध काळा गोल ठेवला की नजर थेट समोर येते. कागद सपाट असल्यामुळे तुम्ही डावीकडे सरका की उजवीकडे, पांढऱ्याची ती वाटणी बदलत नाही. म्हणून चित्रातली आजी खोलीत कुठूनही तुमच्याकडेच बघते. एका काळ्या गोलाने एवढं साधावं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

यानंतर रेघ. पूर्वी दिव्याची काजळी धरून तिची शाई करत आणि बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून तिने काढत. आता बहुतेक जणी नीबचा टाक वापरतात. सराईत हात आधी पेन्सिल लावत नाहीत. आपण फिकट पेन्सिल लावली तरी शाईची रेघ एका दमात ओढावी. थांबत थांबत काढलेल्या रेघेला गाठी पडतात आणि त्या लांबूनही दिसतात. भरनीची खूण म्हणजे ही रेघ दुहेरी असते. एका रेघेला लागून दुसरी, मध्ये दोनेक मिलिमीटरची फट, आणि त्या फटीत आडव्या-तिरप्या बारीक रेघा.

ही फट मला या साऱ्या पद्धतीतली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. भडक गुलाबी आणि भडक हिरवा अगदी अंगाला अंग लावून बसवले, तर दोघांच्या सीमेवर डोळा अडखळतो, कड थरथरल्यासारखी होते. मध्ये कागदाचा फिकट पट्टा आणि त्यात काळ्या रेघा आल्या, की प्रत्येक रंग आपापल्या घरात स्वच्छ राहतो. चर्चच्या रंगीत खिडक्यांमध्ये काचांच्या मधली शिशाची पट्टी हेच काम करते. शिवाय त्या आडव्या रेघांमुळे कडेला किंचित जाडी आल्याचा भास होतो. सावलीचं उरलंसुरलं काम या फटीने उचललेलं असतं. ती घाईत काळ्याने भरून टाकली, तर चित्र एकदम जड होतं. फसलेल्या नकलेत पहिल्यांदा दिसते ती हीच चूक.

रंग सपाट भरायचा म्हणजे सोपं, असं वाटतं. तसं नाही. रंगात पाणी जास्त झालं की वाळताना कडेला गडद पट्टा जमतो आणि मधला भाग फिका राहतो. मग गाल पुन्हा गोल दिसू लागतो, म्हणजे घालवलेली सावली मागच्या दाराने परत येते. रंग सायीइतका दाट हवा आणि एक घर सुकल्यावरच शेजारचं भरावं. हळद, नीळ, पळस, तांदळाची पिठी हे जुने रंग. पुढे बाजारातल्या पुडीचे रंग बकरीच्या दुधात कालवले जाऊ लागले. आजीच्या चेहऱ्याला खरा कातडीचा रंग शोधत बसू नये. पिवळा द्यावा, गुलाबी द्यावा, पण एकच द्यावा.

मग पार्श्वभूमी, आणि इथे शिकाऊ माणूस हमखास फसतो. तो मागे एक नक्षी पसरतो आणि आजीला तिच्यावर ठेवतो. आजीच्या खांद्यामागे अर्धं फूल कापलं जातं, कानाशी पानाचा तुकडा उरतो. मिथिलेच्या चित्रात फूल सहसा असं कापलं जात नाही, कारण मागे असं काही नसतंच. सगळे एकाच भिंतीवर, शेजारी शेजारी राहतात. म्हणून आधी माणूस, मग उरलेल्या मोठ्या जागांत पोपट किंवा मासा, मग त्यांच्या मधल्या फटींत पानं, आणि अगदी शेवटी ठिपके. खांद्यापाशी तिरकी जागा उरली असेल तर मासा तिरका होतो. मानेपाशी निमुळती जागा असेल तर पान निमुळतं होतं. चांगलं चित्र ओळखायचं असेल तर हे तपासावं: पार्श्वभूमीतली प्रत्येक वस्तू अखंड आहे का, आणि शेजाऱ्याला जागा देऊन वळली आहे का. सगळ्या वस्तू एकाच मापाच्या झाल्या तर आजी त्यांत हरवते. तिच्या डोळ्यापेक्षा मोठा काळा गोल चित्रात दुसरीकडे कुठेही येता कामा नये.

एवढं करून ती आपलीच आजी दिसेल का? चेहऱ्यावरून नाही दिसणार, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. या शैलीत दोघी बहिणींचे चेहरे सारखेच येतील. इथे राम आणि कृष्णही चेहऱ्याने ओळखले जात नाहीत. धनुष्याने, बासरीने ओळखले जातात. म्हणून आजीची ओळख तिच्या वस्तूंकडे सोपवायची. चष्म्याची दोन वर्तुळं दुहेरी रेघेने काढा, पण ती डोळ्यापेक्षा मोठी ठेवा, म्हणजे डोळ्याची टोकं कापली जाणार नाहीत. कुंकू खऱ्यापेक्षा दुप्पट मोठं. लुगड्याचा काठ फोटोत जसा आहे अगदी तसा, कारण तो आधीच सपाट नक्षी आहे आणि जसाच्या तसा चित्रात येऊ शकतो. नथ असेल तर तिचे मोती मोजून काढा. पार्श्वभूमीत पोपटाऐवजी तिच्या परसातली जास्वंद, तिचा पाटा-वरवंटा, तिची मांजर येऊ द्या.

यात परंपरेला धक्का बसतो असं कुणाला वाटेल, त्याने गंगादेवींची चित्रं पाहावीत. त्या कचनीच्या चित्रकार. अमेरिकेला जाऊन आल्यावर त्यांनी तिथला रोलर कोस्टर काढला. पुढे कर्करोगावर दिल्लीत उपचार चालू असताना त्यांनी हॉस्पिटलचे दिवसही चित्रांत उतरवले. विषय सगळा नवा होता. रेघ, डोळे आणि भरलेली पार्श्वभूमी मिथिलेचीच होती.