सोळा मिलिसेकंदांचा हिशेब

मे 2020 मध्ये एपिक गेम्स कंपनीने अनरियल इंजिन 5 ची पहिली झलक दाखवली. सोनीचं प्लेस्टेशन 5 बाजारात यायला तेव्हा अजून सहा महिने होते. पडद्यावर एका जुन्या मंदिरासारख्या दालनात जवळजवळ 500 पुतळे उभे होते आणि प्रत्येक पुतळा 3 कोटी 30 लाख त्रिकोणांचा होता. म्हणजे एका दालनात 1600 कोटींहून अधिक त्रिकोण! तोवर गेममधल्या अशा पुतळ्याला काही हजार, फार तर लाखभर त्रिकोण मिळत. त्यामुळे अनेकांचा समज झाला, की असले गेम खेळायला यापुढे सगळ्यात महागडं ग्राफिक्स कार्डच लागणार.

प्रत्यक्षात तसं झालं नाही. मधल्या किमतीच्या कार्डाला खरा घाम फुटतो तो त्रिकोणांमुळे नव्हे.

एपिकच्या या आभासी भूमितीचं नाव ‘नॅनाइट’. मॉडेल इंजिनात आणतानाच त्याचे सुमारे 128 त्रिकोणांचे छोटे गट पाडले जातात. शेजारचे गट एकत्र करून त्यांची सोपी आवृत्ती बनते, तिच्यावरून आणखी सोपी, अशी उतरंड तयार होते. खेळताना कार्ड प्रत्येक गटासाठी एकच गोष्ट तपासतं: ही सोपी आवृत्ती वापरली तर पडद्यावर जो फरक पडेल, तो पिक्सेलभर तरी दिसेल का? दिसणार नसेल तर सोपी आवृत्ती काढायची. जे गट भिंतीआड आहेत, ते काढायचेच नाहीत. म्हणूनच त्या झलकेत कोट्यवधी त्रिकोणांमधून एका फ्रेमला शेवटी सुमारे 2 कोटीच काढावे लागले. मूळ मॉडेल दुप्पट बारीक केलं तरी हा आकडा फारसा वाढत नाही. तो वाढतो पडद्यावरचे पिक्सेल वाढले की.

याला अपवाद झाडापानांचा. फोर्टनाइट या गेममध्ये डिसेंबर 2022 पासून नॅनाइट आलं आणि तिथलं एकेक झाड सुमारे 3 लाख त्रिकोणांचं झालं. पूर्वी सपाट पट्टीवर पानांचं चित्र चिकटवून उरलेला भाग पारदर्शक ठेवत. नॅनाइटला ती पद्धत महाग पडते, कारण रिकाम्या जागेचाही पिक्सेलगणिक तपास करावा लागतो. म्हणून तिथे खरोखरची, त्रिकोणांची पानं घडवली गेली. वाऱ्याने हलणारं झाडही महागच. पान हललं की त्याची साठवून ठेवलेली सावली बाद होते आणि पुन्हा काढावी लागते. मधल्या कार्डावर गुहेत सुरळीत चालणारा गेम जंगलात शिरताच अडखळतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

आता उजेडाकडे वळू. खिडकीतून आलेलं ऊन लाल गालिच्यावर पडलं की छतावरही लालसर झाक येते. पूर्वी हा परावर्तित उजेड आधीच मोजून भिंतींवर जणू रंगवून ठेवत. दिवा हलला किंवा दार उघडलं तरी तो बदलत नसे. अनरियलची ‘लुमेन’ ही यंत्रणा तो खेळता खेळता मोजते. त्यासाठी पडद्यावर साधारण दर 16 पिक्सेलांवर एक तपासबिंदू मांडला जातो आणि प्रत्येक बिंदूतून 64 किरण सोडले जातात. 1920 गुणिले 1080 पिक्सेलांच्या पडद्यावर असे सुमारे 8 हजार बिंदू होतात, म्हणजे 5 लाखांच्या आसपास किरण. पिक्सेल मात्र 20 लाखांहून अधिक! चार पिक्सेलांमागे एक किरण एवढ्या तुटपुंज्या माहितीवर सगळं दृश्य उजळायचं असतं. उरलेलं शेजारच्या बिंदूंकडून आणि आधीच्या फ्रेम्सकडून उसनं घेतलं जातं.

ही उसनवारी डोळ्यांना दिसते. अंधाऱ्या खोलीत टॉर्च बंद केला तरी भिंतीवरचा उजेड क्षणभर रेंगाळतो. कोपऱ्यांत मंद खळबळ दिसते, भिंत उकळत असल्यासारखी. गुणवत्ता कमी केली की बिंदू विरळ होतात आणि हे दोष वाढतात.

आता वेळेचा हिशेब. सेकंदाला 60 फ्रेम्स हव्या असतील तर एका फ्रेमला मिळतात 16.7 मिलिसेकंद. एपिकच्याच मार्गदर्शनानुसार लुमेनचा ‘एपिक’ दर्जा कन्सोलवर 1080 रेषांच्या चित्राला सुमारे 8 मिलिसेकंद घेतो. तो सेकंदाला 30 फ्रेम्ससाठी आखलेला आहे. 60 फ्रेम्ससाठी ‘हाय’ हा दर्जा आहे आणि त्याचा खर्च साधारण निम्मा. आरटीएक्स 4060 सारखं कार्ड ढोबळमानाने प्लेस्टेशन 5 च्याच वर्गातलं, त्यामुळे हे आकडे त्यालाही अंदाजाला पुरतात. ‘एपिक’ दर्जावर निम्मा वेळ एकट्या उजेडात जातो. उरलेल्या आठेक मिलिसेकंदांत भूमिती, सावल्या, पृष्ठभागांचे रंग, धूर, पाणी असं सगळं उरकावं लागतं. ते उरकत नाही आणि फ्रेम्स 60 च्या खाली घसरतात.

समजा, या कार्डाला 1440 रेषांचा मॉनिटर जोडला आहे. पूर्ण चित्र काढायचं तर 36.9 लाख पिक्सेल मोजावे लागतात. डीएलएसएसचा ‘क्वालिटी’ पर्याय निवडला तर आतलं चित्र 960 रेषांचं, 16.4 लाख पिक्सेलांचं होतं, आणि मग ते मोठं केलं जातं. मोठं करायलाही थोडा वेळ लागतो, पण मूळ काम निम्म्याहून कमी होतं. याला आळशी विकासकांची पळवाट म्हणणं अन्यायाचं आहे. एपिकनेही लुमेनचा खर्च आतलं चित्र 1080 रेषांचं धरून, ते पुढे मोठं केलं जाईल असं गृहीत धरूनच मांडला आहे. विकासकांना दोष द्यायचाच तर मेन्यूत ‘एपिक’ हा दर्जा कोणत्या कार्डासाठी आहे हे स्पष्ट न लिहिण्याबद्दल द्यावा.

मेमरीचं दुखणं वेगळं. आरटीएक्स 4060 मध्ये 8 जीबी मेमरी आहे आणि कार्ड ती सेकंदाला 272 जीबी वेगाने वाचतं. नॅनाइट त्यात आटोपशीर राहतं: लागतील ते गट डिस्कवरून आणायला मूळ सेटिंगमध्ये 512 एमबी राखून ठेवलेले असतात. जागा खातात ती मुख्यतः टेक्स्चर्स, आणि त्यांच्यासोबत लुमेनचा साठा आणि सावल्यांचे नकाशे. 8 जीबी भरली की माल संगणकाच्या साध्या रॅममध्ये जातो आणि तिथून परत आणायचा वेग सेकंदाला जेमतेम 16 जीबी, म्हणजे सतरा पटींनी कमी. पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीचा जुना मदरबोर्ड असेल तर त्याचाही निम्मा, कारण हे कार्ड सोळाऐवजी आठच लेन वापरतं.

दोन दुखण्यांची लक्षणं वेगवेगळी आहेत. रिझोल्यूशन उतरवताच फ्रेम्स भराभर वाढल्या तर कार्डाचा वेळ कमी पडत होता. सरासरी चांगली असूनही मधूनच हिसका बसत असेल आणि टेक्स्चर्स धूसर होऊन मग स्पष्ट होत असतील, तर मेमरीवर संशय घ्यावा. अशा वेळी रिझोल्यूशन कमी करून फारसा उपयोग होत नाही, टेक्स्चर्सचा दर्जा एक पायरी उतरवावा लागतो.

ज्यांच्याकडे 8 जीबीचं मधलं कार्ड आहे, त्यांनी असा नवा गेम सुरू करताना सगळे पर्याय एकदम ‘लो’वर ओढू नयेत. इंजिनाच्या मूळ रचनेत ‘मीडियम’ आणि ‘लो’वर लुमेन बंदच होतं आणि दृश्य एकदम निर्जीव दिसू लागतं. आधी ग्लोबल इल्युमिनेशन ‘एपिक’वरून ‘हाय’वर आणा, मग सावल्या एक पायरी उतरवा, त्यानंतर डीएलएसएस किंवा एफएसआरचा ‘क्वालिटी’ पर्याय लावा. आणि नवं कार्ड घ्यायचं असेल तर, वेग जवळपास सारखा असलेल्या दोन कार्डांतलं जास्त मेमरीचं घ्या, थोडे पैसे जास्त पडले तरी.