शेअरऐवजी लांबचा कॉल: उरलेल्या पैशाचं भाडं

आज व्होलॅटिलिटीवर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळेवर टाकतो, कारण कळवणहून आलेल्या एका पत्राने आठवडाभर माझा पिच्छा सोडला नाही. पत्र लिहिणाऱ्यांचं खतं-बियाणांचं दुकान आहे, जोडीला घरचा कांदा. ते विचारतात: "निफ्टीच्या ईटीएफमध्ये पंधरा लाख अडकवण्यापेक्षा डिसेंबरचा खोल कॉल साडेचार लाखांत घेतला आणि बाकीचे मुदत ठेवीत टाकले तर? वाढ तीच मिळेल, वर ठेवीचं व्याज. यात मी काय विसरतोय?"

ते दोन गोष्टी विसरले आहेत, आणि त्यांतली एक ऑप्शनच्या पुस्तकांत सापडत नाही. पण आधी निफ्टीच का, ते सांगतो. त्यांच्या मनात खरं तर एका सिगारेट कंपनीचा शेअर होता, कारण तिचा लाभांश भरघोस. आपल्याकडे एखाद्या कंपनीच्या शेअरचे ऑप्शन चालू महिन्यासह तीनच महिन्यांचे मिळतात. अमेरिकेत दोन-अडीच वर्षांचे कॉल घेऊन लोक शेअरची जागा भरतात, ते इथे शेअरवर जमत नाही. निफ्टीवर मात्र 2008 पासून लांबच्या मुदतीचे ऑप्शन आहेत आणि जून-डिसेंबरच्या एक्स्पायरी काही वर्षं पुढपर्यंत उघडलेल्या असतात. यासाठी आपण बराच काळ थांबलो आहोत. मुंबईच्या बाजाराला तेजी आणि मंदीचे सौदे, म्हणजे आजचे कॉल आणि पुट, कितीतरी आधीपासून ठाऊक होते. 1956 च्या सिक्युरिटीज काँट्रॅक्ट्स कायद्याच्या कलम 20 ने शेअरवरचे ऑप्शन बेकायदा ठरवले. ते कलम 1995 मध्ये गेलं आणि जून 2001 मध्ये निर्देशांकाचे ऑप्शन सुरू झाले.

आता हिशेब. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, पण प्रमाण बाजाराला धरून आहे. निफ्टी 24,000, लॉट 65 चा, म्हणजे एका लॉटमागे 15,60,000 रुपयांचा निफ्टी. एक वर्ष लांबचा 18,000 स्ट्राइकचा कॉल 6,900 ला मिळतो असं धरू. प्रीमियम झाला 4,48,500 आणि हातात राहिले 11,11,500. कॉल विकत घेणाऱ्याला मार्जिन लागत नाही, प्रीमियम मात्र पूर्ण रोख भरावा लागतो.

6,900 पैकी 6,000 ही आतली किंमत, कारण निफ्टी स्ट्राइकच्या तेवढा वर आहे. उरलेले 900 वर्षभरात झिजून जातात. सगळे घाबरतात ते याच 900 ला. पण ते कशाचे आहेत हे उलगडून पाहिलं की भीतीची जागा हिशेब घेतो.

आपल्याकडे जमिनीचा व्यवहार होतो तो आठवा. विसार देऊन साठेखत केलं, उरलेली रक्कम वर्षाने खरेदीखताच्या वेळी द्यायची आणि ताबाही तेव्हाच. मधल्या काळात भाव वाढला तर फायदा तुमचा. विकणारा आपली बाकी रक्कम वर्षभर तुमच्याकडे फुकट सोडत नाही, तिचं व्याज तो किमतीत धरतो. पण वर्षभराचं पीक त्याच्याच घरात जातं, म्हणून तेवढी सूट तुम्ही मागता. आणि पटलं नाही तर विसार सोडून मागे फिरण्याची मुभा हवी असेल, तर तिचे पैसे वेगळे.

कॉलच्या 900 मध्ये नेमक्या याच तीन गोष्टी आहेत. 18,000 वर्षभराने द्यायचे, त्यांचं साडेसहा टक्क्यांनी व्याज सुमारे 1,100. निफ्टीतल्या कंपन्या वर्षभरात देतील तो लाभांश सव्वा टक्क्याच्या हिशेबाने 300. तो तुम्हाला मिळणार नाही म्हणून तेवढे वजा. आणि निफ्टी 18,000 च्या खाली गेला तरी तुमचं नुकसान तिथेच थांबतं, त्या विम्याचे 100. अकराशे वजा तीनशे अधिक शंभर, बरोबर 900.

म्हणून "कॉलवाल्याचा लाभांश बुडतो" हे अर्धंच खरं आहे. अपेक्षित लाभांश प्रीमियममधून आधीच वजा झालेला असतो. बुडतो तो अपेक्षेपेक्षा जास्त आलेला. कंपनीच्या शेअरवरच्या ऑप्शनमध्ये लाभांश भावाच्या 2 टक्के किंवा जास्त असला तर स्ट्राइक तेवढा खाली आणतात. निर्देशांकाला अशी दुरुस्ती नाही. मे ते ऑगस्ट एकेक कंपनी एक्स-डिव्हिडंड होते, निफ्टी तेवढा खाली सरकतो आणि कॉलवाल्याने ते सोसायचं असतं.

आता कळवणच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर. कॉल घेणं म्हणजे कर्ज काढून निफ्टी घेणं, आणि त्या कर्जाचा दर काढता येतो. झिजणारे 900 आणि सोडलेला लाभांश 300 मिळून 1,200. हाती राहिलेलं भांडवल निफ्टीच्या एका एककामागे 24,000 वजा 6,900, म्हणजे 17,100. भागाकार 7 टक्के. मुदत ठेवीवर साडेसहा मिळत असतील, तर अर्धा टक्का तुम्ही देताय. लॉटवर हे सुमारे पावणेसहा हजार होतात आणि तोच जवळजवळ सगळा विम्याचा हप्ता आहे. निफ्टी 18,000 च्या वर कुठेही बंद झाला, तरी ईटीएफवाला तुमच्यापेक्षा एवढ्यानेच पुढे असेल. निफ्टी 15,000 ला गेला, तर तुम्ही त्याच्यापेक्षा 1,89,000 ने पुढे. जास्तीचं व्याज यातून निघत नाही. ठेवीत मिळालेलं प्रीमियमच्या वाटेने परत जातं. पतसंस्थेत 9 टक्के मिळतात म्हणून दोन टक्के सुटतील असं कुणी म्हणेल. ते दोन टक्के पतसंस्थेच्या जोखमीचे आहेत, कॉलचे नव्हेत.

स्ट्राइक खोलच का, हेही इथेच दिसतं. 24,000 चाच कॉल घेतला तर तो साधारण 1,950 ला पडेल आणि ती सगळी वेळेची किंमत. व्याज 1,450, लाभांशाची सूट 300 आणि विमा 800. निफ्टी वर्षभर जागचा हलला नाही तर लॉटमागे सव्वा लाख जातात. झिजण्याची चालही वेगळी. खोल कॉलमध्ये मुख्यत्वे व्याज असल्याने तो महिन्याला साधारण 75 अंक, जवळपास सरळ रेषेत झिजतो. 24,000 च्या कॉलमधला विमा शेवटच्या तीन महिन्यांत झपाट्याने उतरतो. तो कॉल वाईट आहे असं नाही, पण त्याला शेअरचा पर्याय म्हणता येत नाही. आणि स्वस्त पडतो म्हणून एका लॉटच्या जागी तीन घेतले, तर पंधरा लाख वाचवायला निघालेला माणूस जवळजवळ सत्तेचाळीस लाखांचा निफ्टी घेऊन बसतो.

दुसरी विसरलेली गोष्ट म्हणजे कर. ईटीएफ वर्षापेक्षा जास्त ठेवून विकला की सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त, त्यापुढे 12.5 टक्के. लाभांश आत साठत राहतो, विकेपर्यंत कर नाही. ऑप्शनचा नफा मात्र कितीही लांबचा असला तरी धंद्याचं उत्पन्न, म्हणजे तुमच्या स्लॅबने. ठेवीचं व्याजही स्लॅबने. निफ्टी दहा टक्के वाढून 26,400 झाला असं धरू. ईटीएफवाल्याची वाढ लाभांशासह 1,75,500 आणि कर साधारण 6,300. कॉलवाल्याचे कॉलमध्ये 97,500 आणि ठेवीत 72,250, मिळून 1,69,750. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये कर जवळपास 51,000. करापूर्वी पावणेसहा हजारांचं असलेलं अंतर करानंतर पन्नास हजारांचं होतं! शिवाय ईटीएफ न विकता वर्षानुवर्षं ठेवता येतो, कॉलची एक्स्पायरी आली की नफा नोंदवावाच लागतो. निफ्टी पडला तर कर उलट मदतीला येतो. कॉलचा तोटा दुकानाच्या नफ्यातून वजा होतो, ईटीएफचा तोटा फक्त भांडवली नफ्यातून. ज्यांचं स्लॅबचं उत्पन्न कमी आहे त्यांना हे अंतर फारसं जाणवणार नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी इतर उत्पन्नाचा दर ठरवताना ते हिशेबात येऊ शकतं, म्हणून तो भाग आपल्या सीएंकडून तपासून घ्यावा.

पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिलेली एक ओळ मला सगळ्यांत मोलाची वाटली. दुकानाचं कॅश क्रेडिट खातं आहे आणि त्यावर साडेदहा टक्के व्याज जातं. मग ठेव कशाला? हाती राहिलेले अकरा लाख त्या खात्यात भरले तर वर्षाचे जवळजवळ 1,16,700 वाचतात, आणि कॉलचं भाडं, झीज अधिक लाभांश, 78,000 आहे. सात टक्क्यांनी घेऊन साडेदहाचं फेडणं यात खरा अर्थ आहे. तरी बँकेला देण्याचं व्याज खर्चातून कमी झालं की दुकानाचा करपात्र नफा वाढतो, हे धरूनच निकाल पाहावा. निफ्टी जागीच राहिला तर करानंतर कॉलवाल्याकडे सुमारे 41,000 उरतात आणि ईटीएफवाल्याकडे 19,500. दहा टक्के वाढला तर कॉलवाल्याचे दीड लाख आणि ईटीएफवाल्याचे 1,69,000. म्हणजे कॅश क्रेडिट असूनही जोरदार तेजीत ईटीएफ पुढेच राहतो. माझं मत विचाराल तर ज्याचं महागडं कर्ज चालू आहे आणि ज्याला निफ्टी सोडायचाही नाही, त्यानेच हा मार्ग घ्यावा. ज्याचे पैसे नुसते ठेवीत पडणार आहेत त्याने ईटीएफ घ्यावा.

घ्यायचाच ठरला तर भाव तपासून घ्या. लांबच्या खोल कॉलमध्ये व्यवहार तुरळक असतात. पडद्यावर खरेदीचा भाव 6,780 आणि विक्रीचा 7,080 असा फरक दिसू शकतो. बाजारभावाने ऑर्डर टाकली आणि 7,080 ला मिळाला, तर 180 अंक जास्त गेले, लॉटमागे 11,700. वर्षभराच्या विम्याच्या जवळपास दुप्पट. त्यामुळे डिसेंबरचीच एक्स्पायरी आणि हजारांतला स्ट्राइक बघावा, तिथे ओपन इंटरेस्ट जास्त सापडतं. मग वरचा भागाकार दिसणाऱ्या विक्रीच्या भावाने करावा. 7,080 ला वेळेची किंमत 1,080, लाभांश 300, भांडवल 16,920, म्हणजे दर 8.2 टक्के. हा दर पटला नाही तर साडेसहा आणि साडेसात यांच्यामध्ये बसेल अशा भावाची लिमिट ऑर्डर लावून थांबावं. कधी तासात मिळतो, कधी दोन दिवस लागतात. विकतानाही हेच करावं लागतं, म्हणून पुढच्या डिसेंबरमध्ये जायचं असेल तर शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका.

व्होलॅटिलिटी पुढच्या आठवड्यात. त्या विम्याचे 100 कधी 250 होतात, हे तिथेच पाहायचं आहे.