व्हॅन बंद करताना अॅडव्हान्सचा हिशोब

आज शाळेच्या व्हॅनबद्दल बोलू या. मुलीला एसटीचा पास मिळतो, किंवा मोठा भाऊ त्याच शाळेत जाऊ लागतो, आणि व्हॅनची गरज उरत नाही. मग व्हॅनवाल्या दादांना सांगायचं कधी, आणि जूनमध्ये दिलेला अॅडव्हान्स मिळवायचा कसा?

आधी एक गोष्ट तपासा. काही ठिकाणी महिन्याचे पैसे एक तारखेलाच घेतात आणि त्यालाच अॅडव्हान्स म्हणतात. तो त्या महिन्यातच संपतो, परत काही येत नाही. पण जूनमध्ये महिन्याच्या पैशांशिवाय वेगळी रक्कम दिली असेल, तर ती तुमची ठेव आहे. तिचा हिशोब व्हायला हवा.

आता एक उदाहरण घेऊ. आपल्यासारख्याच एका ताईंची मुलगी सहावीत आहे. व्हॅनचे महिन्याला ९०० रुपये. जूनमध्ये अॅडव्हान्स म्हणून १५०० दिलेले. ऑक्टोबरचे ३०० द्यायचे राहिलेत. डिसेंबरपासून मुलगी एसटीने जाणार आहे.

ताईंनी निरोप कधी द्यावा? नोव्हेंबर लागल्या लागल्या, त्या महिन्याचे पैसे देण्याआधी. कारण सोपं आहे. हातात गेलेले पैसे परत मागणं अवघड, पण द्यायच्या पैशातून वळते करणं सोपं. नोव्हेंबरचे ९०० देऊन बसलात, तर १२०० रुपयांसाठी डिसेंबरात फेऱ्या घालाव्या लागतील. शिवाय दादांनाही गाडीचा हप्ता असतो. महिनाभर आधी कळलं, तर ते त्या जागेवर दुसरं मूल बघू शकतात.

हिशोब असा. ऑक्टोबरची बाकी ३०० आणि नोव्हेंबरचे ९००, मिळून १२००. अॅडव्हान्स १५००. म्हणजे दादांनी ३०० परत द्यायचे.

निरोपात आधी आपलं आणि मुलीचं नाव, वाडी, इयत्ता लिहा. मग पुढे असं:

“नमस्कार दादा. मुलीला एसटीचा पास मिळाला आहे, म्हणून १ डिसेंबरपासून तिला व्हॅन नको. नोव्हेंबरअखेरपर्यंत ती नेहमीप्रमाणे येईल. जूनमध्ये तुमच्याकडे अॅडव्हान्स १५०० रुपये दिला होता. त्यातून ऑक्टोबरचे राहिलेले ३०० आणि नोव्हेंबरचे ९०० वळते करून घ्या. उरलेले ३०० रुपये ३० नोव्हेंबरपर्यंत द्यावेत. हिशोब बरोबर असेल तर तसं लिहून कळवा. तुम्ही मुलीला नीट नेलं-आणलं, आभारी आहे.”

यात ‘पुढच्या महिन्यापासून’ असं लिहिलेलं नाही, ‘१ डिसेंबरपासून’ असं लिहिलंय. दादांनी निरोप एक तारखेला उघडला, तर त्यांच्या लेखी पुढचा महिना म्हणजे जानेवारी होईल, आणि डिसेंबरचे पैसे मागितले जातील.

बोलून पाठवलेला निरोप नंतर शोधता येत नाही, म्हणून लिहूनच पाठवा. लिहिता येत नसेल तर गटातल्या कोणाकडून लिहून घ्या. आणि निरोप पैसे घेणाऱ्या मालकाला जाऊ द्या. गाडी चालवणारा वेगळा असेल, तर त्याला सांगितलेलं मालकापर्यंत पोचेलच असं नाही.

दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर फोन करा. फोनवर जे ठरलं ते लगेच दोन ओळींत लिहून पाठवा: “आत्ता बोललो त्याप्रमाणे ३०० रुपये तीस तारखेला.”

दादा म्हणाले, अॅडव्हान्स परत मिळत नसतो, तर? जूनमध्ये काय ठरलं होतं ते शांतपणे विचारा. पावती, वहीतली नोंद किंवा ऑनलाइन पैसे पाठवल्याची खूण काढून ठेवा. व्हॅन शाळेमार्फत ठरली असेल, तर मुख्याध्यापकांना भेटा. महाराष्ट्रात शाळेच्या वाहनांसाठी २०११चे नियम आहेत आणि त्यात शालेय परिवहन समिती सांगितली आहे. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. मात्र व्हॅन तुम्ही परस्पर ठरवली असेल, तर तुमच्यातलं बोलणं आणि हातातली नोंद यावरच भिस्त राहील.

शेवटचं, पैशाचं नाही पण महत्त्वाचं. वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या की १ डिसेंबरपासून मुलगी व्हॅनने घरी येणार नाही. मुलीलाही सांगा. नाहीतर पहिल्या दिवशी शाळा सुटल्यावर सवयीने तिला व्हॅनमध्ये बसवतील आणि तुम्ही एसटीच्या थांब्यावर वाट बघत राहाल.