सरळ रेषा बसवताना बदलतं काय?

अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत स्प्रिंगला वजनं टांगून तिची लांबी मोजतात. रीडिंग ग्राफ पेपरवर मांडली की ठिपके जवळजवळ एका रेषेत येतात. पट्टी ठेवून रेषा मारली तर दोघांची रेषा सारखी येत नाही, म्हणून लघुतम वर्ग पद्धत. तिचं सूत्र पाठ असतं, कॅल्क्युलेटरमध्ये ती तयारही असते, पण ती नेमकं काय करते याविषयीचे काही गैरसमज पदवीपर्यंत सोबत येतात.

उदाहरणाला ही पाच रीडिंग घेऊ. १००, २००, ३००, ४००, ५०० ग्रॅम वजनांना लांबी आली १२.१, १३.९, १६.२, १७.८ आणि २०.० सेंमी. वजन शंभर ग्रॅमच्या मापात घेतलं की x म्हणजे १ ते ५. रेषा y = mx + c; त्यात m हा चढ आणि c हा अंतःखंड.

गैरसमज: x आणि y ही चलं आहेत, म्हणून विकलज त्यांच्या संदर्भात घ्यायचा.

सगळ्यात खोलवर रुजलेला गैरसमज हाच, आणि दोष विद्यार्थ्यांचा नाही. शाळेपासून x म्हटलं की चल, हे डोक्यात बसलेलं असतं. पण रीडिंग घेऊन झाली, की x आणि y बदलू शकत नाहीत. २०० ग्रॅमला १३.९ सेंमी हे वहीत लिहिलं गेलं. आता बदलायची मोकळीक आहे ती रेषेला, म्हणजे m आणि c या दोन संख्यांना. प्रत्येक ठिपक्यापाशी मोजलेली लांबी आणि रेषेने सांगितलेली लांबी यांतला फरक y − mx − c इतका. पाचही फरकांचे वर्ग करून बेरीज केली की E मिळते, आणि ही E म्हणजे m आणि c यांचं फल. एकेका रेषेला E ची एकेक किंमत. त्यातली सर्वांत लहान शोधायची.

आंशिक विकलज इथे येतो. m स्थिर धरून c किंचित हलवला तर E किती बदलते, हा एक प्रश्न. c स्थिर धरून m हलवला तर किती, हा दुसरा. लघुतम किमतीपाशी दोन्ही उत्तरं एकाच वेळी शून्य हवीत:

```
∂E/∂c = −२ Σ(y − mx − c) = ०
∂E/∂m = −२ Σx(y − mx − c) = ०
```

"एका वेळी एकच बदलायचा" याचा अर्थ आधी c ठरवून टाकायचा आणि मग m काढायचा असा नव्हे. विकलज वेगवेगळे घेतले तरी समीकरणं एकत्रच सोडवायची. आपल्या रीडिंगसाठी Σx = १५, Σx² = ५५, Σy = ८०, Σxy = २५९.७. म्हणून

```
१५m +  ५c = ८०
५५m + १५c = २५९.७
```

पहिल्याला तीनने गुणून दुसऱ्यातून वजा केलं की १०m = १९.७, म्हणजे m = १.९७. मग c = १०.०९. एवढा विकलजांचा थाट, आणि शेवटी हाती आली नववी-दहावीची एकसामयिक समीकरणं!

विकलज शून्य म्हणजे किमान की कमाल, ही शंका रास्त आहे. इथे कमाल शक्यच नाही, कारण रेषा हवी तितकी दूर नेऊन E कितीही वाढवता येते. E चा पृष्ठभाग वाटीसारखा असतो आणि तळ एकच. अट एवढीच की सगळे x सारखे नसावेत. पाचही वेळा ३०० ग्रॅमच टांगलं तर दोन्ही समीकरणं एकाच गोष्टीची पुनरुक्ती होतात आणि उत्तरं अगणित निघतात.

गैरसमज: फरकांची बेरीज शून्य झाली की रेषा उत्तम.

पहिलं समीकरण तेच म्हणतं ना? म्हणतं, पण ती अर्धी अट झाली. आपल्या रेषेचे फरक आहेत +०.०४, −०.१३, +०.२०, −०.१७, +०.०६; बेरीज शून्य. आता y = १६ ही आडवी रेषा घ्या. स्प्रिंग वजनाने ताणली जातच नाही, असं म्हणणारी ही रेषा. तिचे फरक −३.९, −२.१, +०.२, +१.८, +४.०, बेरीज इथेही शून्य! सरासरी बिंदूतून, इथे (३, १६) मधून, जाणाऱ्या कुठल्याही तिरप्या-आडव्या रेषेला ही अट लागू पडते. रेषेचा चढ ठरतो तो दुसऱ्या समीकरणाने: प्रत्येक फरकाला त्याच्या x ने गुणून बेरीज केली तरी शून्य आली पाहिजे. आडव्या रेषेची ती बेरीज १९.७ येते. वर्गांची बेरीज पाहिली तर आपल्या रेषेची ०.०९१ आणि तिची ३८.९.

गैरसमज: वर्ग केला तो फक्त वजा चिन्ह घालवायला.

तेवढ्यासाठी चिन्ह सोडून नुसती केवलमूल्यं घेता आली असती. बॉस्कोविचने अठराव्या शतकात पृथ्वीच्या आकाराच्या मोजमापांसाठी तसं केलंही होतं. पण केवलमूल्याला शून्यापाशी टोक असतं, तिथे विकलज मिळत नाही, आणि कधी कधी अनेक रेषा सारख्याच चांगल्या ठरतात. वर्गाचा विकलज मात्र एकघाती असतो, म्हणून वरची साधी समीकरणं मिळतात. लजांद्रने १८०५ साली धूमकेतूंच्या कक्षांवरच्या पुस्तकात पद्धत छापली तेव्हा ही सोय मोलाची होती, कारण आकडेमोड हातानेच व्हायची. १८०९ मध्ये गाउसने ही पद्धत आपण १७९५ पासून वापरतो असं लिहिलं, आणि दोघांत वाद पेटला. मोजमापातल्या चुका घंटाकृती वक्राप्रमाणे विखुरल्या असतील तर वर्गांची बेरीज लघुतम करणं हेच सर्वांत संभाव्य उत्तर देतं, हे कारण मात्र गाउसचं.

या सोयीची किंमत मोजावी लागते. समजा १७.८ ऐवजी वहीत २७.८ लिहिलं गेलं. m थेट १.९७ वरून २.९७ होतो. नवे फरक: +०.०४, −१.१३, −१.८०, +६.८३, −३.९४. बेरीज शून्य, x ने गुणून बेरीज शून्य. दोन्ही आंशिक विकलज निमूटपणे शून्य. म्हणजे समीकरणं सुटली याचा अर्थ रीडिंग बरोबर आहेत असा होत नाही. हीच दहा सेंमीची चूक ३०० ग्रॅमच्या, म्हणजे मधल्या रीडिंगमध्ये झाली असती तर चढ तसूभरही हलला नसता; फक्त c दोनने वाढला असता. टोकाच्या रीडिंगमध्ये झाली असती तर चढ दोनने बदलला असता. सरासरी x पासून रीडिंग जितकं दूर, तितका त्याचा चढावर जोर. म्हणून टोकाची वजनं सगळ्यात काळजीने मोजावीत.

राहिला c. १०.०९ सेंमी ही स्प्रिंगची मोकळी लांबी, असं जर्नलमध्ये बिनदिक्कत लिहिलं जातं. शून्य वजनाचं रीडिंग आपण घेतलेलंच नाही. घट्ट वेटोळ्यांच्या स्प्रिंगमध्ये मुळातच थोडा ताण असतो आणि तो ओलांडल्याखेरीज ती लांबत नाही. अशा स्प्रिंगची मोकळी लांबी c पेक्षा जास्त असते. तेव्हा m आणि c च्या शेजारी पाचही फरक लिहा, आणि मोकळी लांबी हवी असेल तर वजन काढून पट्टीने मोजा.