कोल्हापुरातली बहिणाबाई आणि देहूचा गुरू

भक्तिचळवळीने जात मोडली का, हा प्रश्न वाचक वारंवार विचारतात. त्याचं खरं उत्तर शोधायला पंढरपूरला जायची गरज नाही, ते सतराव्या शतकातल्या कोल्हापुरातच सापडतं. संत बहिणाबाईंनी ते आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत स्वतःच लिहून ठेवलं आहे.

वेरूळजवळच्या देवगावच्या या ब्राह्मण मुलीचं तिसऱ्या वर्षी तिशीतल्या बिजवराशी लग्न झालं. नातलगांतली भांडणं आणि कर्ज यांमुळे घर सुटलं. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर करत हे कुटुंब कोल्हापुरात आलं आणि बहिरंभट नावाच्या ब्राह्मणाच्या घरी राहिलं. गावात तेव्हा जयरामस्वामींची कीर्तनं होत. बहिणाबाई तिथे आपल्या लाडक्या वासरालाही घेऊन जात. त्या कीर्तनांतून त्यांच्या कानी तुकोबांची पदं आली.

वेद ऐकायचा अधिकार बाईला नव्हता, मग ती ब्राह्मणाची बायको का असेना. देहूच्या कुणब्याची मराठी पदं मात्र ब्राह्मण कीर्तनकाराच्या तोंडून तिच्यापर्यंत पोचली. तिला ती समजली, पाठ झाली आणि पुढे स्वतः रचताही आली. माझ्या मते भक्तिचळवळीचं सर्वांत मोठं काम हेच आहे. ज्ञानाच्या वाटेवर बसलेला पहारा मराठीने चुकवला.

वासरू गेल्यावर शुद्ध हरपलेल्या बहिणाबाईंना स्वप्नात तुकोबांनी मंत्र दिला. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू केलं, हे वैदिक वृत्तीच्या नवऱ्याला सोसलं नाही. त्याने तिला मारहाण केली. पुढे स्वतः आजारी पडल्यावर तो वरमला आणि सगळे देहूला गेले. तिथेही मंबाजी गोसाव्याने त्यांना छळलंच.

बहिणाबाईंनी वज्रसूची या संस्कृत ग्रंथातला युक्तिवादही मराठीत आणला. ब्राह्मण म्हणजे नेमकं काय, असं ती विचारते. देह म्हणावा, तर तो सगळ्यांचा त्याच पंचमहाभूतांचा. शिवाय बापाच्या प्रेताला अग्नी देणारा मुलगा ब्रह्महत्येचा पापी ठरेल. जन्म म्हणावा, तर व्यासांची आई कोळ्याची मुलगी होती. विद्या आणि कर्मही असंच एकेक करून बाद होतं आणि उरतो तो आत्मज्ञानी. हा वाद संस्कृतात जुनाच होता. तो गाता येण्याजोगा झाला, हे नवं.

मग जात मोडली का? नाही. याच बहिणाबाईंनी पतिव्रताधर्माचेही अभंग लिहिले आणि मारणाऱ्या नवऱ्याची सेवा सोडली नाही. कीर्तनात शेजारी बसणाऱ्यांचे रोटीबेटीचे नियम घरी तसेच राहिले. चोखोबांची समाधी विठ्ठलाच्या महाद्वाराबाहेर आहे, आणि ते मंदिर दलितांना खुलं व्हायला 1947 साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं. कोल्हापुरात तर 1899 नंतर वेदोक्त प्रकरण पेटलं. छत्रपती शाहू महाराजांनाच शूद्र ठरवून त्यांचे विधी वेदमंत्रांनी करायला राजोपाध्यायांनी नकार दिला. महाराजांनी त्यांचं वतन जप्त केलं. अभंगांच्या हाती अशी सत्ता कधीच नव्हती.