मेंदूमृत्यूचे पत्रक: नातेवाइकांना लिहून काय सांगावे

मेंदूमृत्यू म्हणजे मेंदूस्तंभाचे सर्व कार्य कायमचे थांबणे. मेंदूस्तंभ हा मेंदूचा मानेलगतचा खालचा भाग. श्वास घेण्याची आज्ञा तिथून निघते, जाग आणि शुद्धही त्याच्यावर अवलंबून असते. भारतात 1994च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूस्तंभाचा मृत्यू हा व्यक्तीचा मृत्यू मानला आहे. मात्र अतिदक्षता विभागाच्या दारात उभ्या असलेल्या कुटुंबाला वेगळेच दिसत असते. छाती वरखाली होते, अंग गरम लागते, मॉनिटरवर नाडीचे आकडे चालू असतात. तोंडी सांगितलेले या दृश्यापुढे टिकत नाही. म्हणून अनेक ठिकाणी डॉक्टर आणि प्रत्यारोपण समन्वयक बोलणे झाल्यावर एक छोटे लिखित पत्रक देतात. घरी थांबलेल्या आईला, गावाहून निघालेल्या भावाला तेच वाचून दाखवले जाते. त्यामुळे त्यातला प्रत्येक शब्द डॉक्टर समोर नसतानाही बरोबर अर्थ सांगणारा हवा.

उदाहरणादाखल एक प्रसंग घेऊ. पंचेचाळीस वर्षांचा दुचाकीस्वार, डोक्याला जबर मार, मेंदूभोवती रक्तस्राव. शस्त्रक्रिया होऊनही सूज वाढत गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी बाहुल्या विस्फारलेल्या होत्या आणि उजेड टाकल्यावर हलत नव्हत्या. गुंगीच्या किंवा स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा अंमल उरलेला नाही, शरीराचे तापमान फार उतरलेले नाही, रक्तातले क्षार फार बिघडलेले नाहीत, एवढे आधी तपासले जाते. ही कारणे असतील तर मेंदू मेल्याचा आभास होऊ शकतो.

त्यानंतर पहिली तपासणी होते. बुबुळाला कापसाने स्पर्श केला तर पापणी मिटते का, कानात बर्फाचे पाणी सोडले तर डोळे सरकतात का, श्वासनळीत नळी घालून कफ ओढताना खोकला येतो का, हे पाहिले जाते. शेवटी ॲप्निया चाचणी. शंभर टक्के ऑक्सिजन देऊन व्हेंटिलेटर सोडवतात, श्वासनळीत बारीक नळीने ऑक्सिजन चालू ठेवतात आणि आठ-दहा मिनिटे छाती-पोटाकडे पाहत राहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड 60 मिमीच्या वर चढला की श्वासासाठी त्याहून मोठा इशारा नसतो. या रुग्णात तो 74 झाला, तरी एकही श्वास आला नाही. हीच सगळी तपासणी किमान सहा तासांनी पुन्हा करतात. कायद्याने नेमून दिलेले चार डॉक्टर फॉर्म 10वर सही करतात आणि त्यांच्यात प्रत्यारोपण करणारा कोणी नसतो.

खोटी आशा सर्वांत जास्त रुजते ती या सहा तासांत. ‘अजून एक टेस्ट बाकी आहे’ हे वाक्य कुटुंब ‘अजून एक संधी आहे’ असे ऐकते. म्हणून या टप्प्यावर काही लिहून द्यायचे तर ते असे असावे: ‘आज सकाळच्या तपासणीत मेंदूच्या कार्याची एकही खूण आढळली नाही. संध्याकाळी हीच तपासणी पुन्हा होईल. ती निदानात चूक राहू नये म्हणून आहे; तो उपचार नाही. तिचा निष्कर्ष वेगळा येईल असे आम्हाला वाटत नाही.’ या टप्प्यावर ‘मृत्यू’ लिहायचा नाही, कारण तो अजून प्रमाणित झालेला नाही. पण ‘प्रकृती चिंताजनक आहे’ असेही लिहायचे नाही. चिंताजनक प्रकृती सुधारू शकते, असे कोणालाही वाटेल.

दुसऱ्या तपासणीनंतरच्या पत्रकाचे पहिलेच वाक्य मृत्यूचे असते: ‘तुमच्या पतींचा आज संध्याकाळी 5 वाजून 20 मिनिटांनी मृत्यू झाला आहे.’ त्यानंतर कारण: ‘डोक्याच्या दुखापतीमुळे त्यांच्या मेंदूचे सर्व कार्य कायमचे थांबले आहे. हा कोमा नाही. कोमात मेंदूचा काही भाग काम करत असतो. यांच्या बाबतीत तसे काहीही उरलेले नाही.’ वेळ लिहिणे फार गरजेचे आहे. सर्वसाधारणपणे दुसरी ॲप्निया चाचणी पूर्ण होण्याची वेळ हीच मृत्यूची वेळ धरतात आणि प्रमाणपत्रावरही तीच येते. दहावा, तेरावा, वर्षश्राद्धाची तिथी यांचा हिशेब कुटुंब त्यावरूनच करते. पत्रकात वेळ नसेल, तर हृदय थांबेल तीच खरी वेळ असे धरून लोक थांबून राहतात.

पुढचा परिच्छेद डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींचा: ‘छाती हलते ती व्हेंटिलेटर हवा ढकलत असल्यामुळे. हृदयाचा ठोका हृदयातूनच निघतो, त्याला मेंदूची आज्ञा लागत नाही. ऑक्सिजन मिळतो तोवर ते काही काळ चालू राहते आणि मग तेही थांबते. बोटे किंवा हात अचानक हलू शकतात. ही हालचाल पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूची असते. त्यांना वेदना नाहीत आणि तुमचे बोलणे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.’ हालचालीचे वाक्य हालचाल होण्याआधीच वाचलेले असले पाहिजे. मुलीने वडिलांचा हात हललेला पाहिल्यावर कोणी डॉक्टर समजावू लागला, तर ती त्याला सारवासारव समजते.

काही वाक्प्रयोग पत्रकातून कटाक्षाने काढावे लागतात. ‘मशीनवर जिवंत ठेवले आहे’ आणि ‘लाइफ सपोर्ट’ हे त्यांतले पहिले दोन. ‘व्हेंटिलेटर काढल्यावर ते जातील’ हे त्याहून घातक, कारण मग नळी काढायला हो म्हणणारी पत्नी आपणच नवऱ्याला मारले असे आयुष्यभर मानू शकते. ‘वाचण्याची शक्यता जवळजवळ नाही’ यातला ‘जवळजवळ’ कुटुंब घट्ट धरून ठेवते. पत्रक नेमके असूनही खाटेजवळची बोली वेगळी असेल, तरी ते वाया जाते. ‘आज बीपी छान आहे’ असे परिचारिकेने सहज म्हटले, तर पत्रकातली दहा वाक्ये पुसली जातात. त्यामुळे पत्रकाची एक प्रत पाळीवर येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला द्यावी.

समजले की नाही, हे सही घेऊन कळत नाही. वाचून झाल्यावर थोरल्या भावाला ‘घरी काय सांगाल?’ असे शांतपणे विचारावे. ‘गेला, पण मशीनमुळे हृदय चालू दिसतंय’ असे उत्तर आले तर पत्रकाचे काम झाले. ‘दोन दिवस वाट बघू’ असे आले तर पुन्हा बसून, तेच शब्द वापरून सांगावे. दर वेळी नवे शब्द वापरले की काहीतरी बदलले असा समज होतो.

अवयवदानाचा उल्लेख या पत्रकात नसावा. कायद्याने तो प्रश्न विचारणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे, पण तो मृत्यू स्वीकारला गेल्यानंतर आणि वेगळ्या बैठकीत विचारायचा असतो. दोन्ही गोष्टी एका कागदावर आल्या तर दानासाठीच मृत्यू ठरवला, अशी शंका येते. आपल्याकडे मेंदूमृत्यूची व्याख्या प्रत्यारोपणाच्या कायद्यात आहे. त्यामुळे कुटुंबाने दान नाकारल्यास व्हेंटिलेटर केव्हा बंद करायचा, याबाबत रुग्णालयांची पद्धत एकसारखी नाही. केरळने 2020 मध्ये आदेश काढून मेंदूमृत्यूचे प्रमाणीकरण अवयवदानापासून वेगळे केले. इतरत्र प्रत्येक रुग्णालयाने आपली पद्धत आधी ठरवून पत्रकाच्या शेवटी दोन ओळींत लिहावी: पुढे काय होईल, केव्हा होईल, अपघाताची केस असल्यास शवविच्छेदन कुठे होईल आणि रात्री प्रश्न पडला तर कोणत्या डॉक्टरला विचारायचे.